टपालातली स्वीकृती आणि नजरेआड होणारा दुसरा वादप्रश्न

प्रसंगावर आधारलेल्या प्रश्नाचे उत्तर वादप्रश्न, नियम, उपयोजन आणि निष्कर्ष या क्रमाने लिहायचे असते, हे तुम्हाला वर्गात सांगितलेले आहेच. म्हणून आज एकच प्रसंग घेतो.

काटोलचा एक बागायतदार नागपूरच्या कळमना बाजारातील व्यापाऱ्याला मृग बहराची संत्री ठरावीक भावाने विकण्याचा प्रस्ताव पत्राने पाठवतो आणि उत्तर टपालाने मागतो. पत्र 3 मार्चला पोहोचते. त्याच संध्याकाळी भाव चढल्यामुळे बागायतदार प्रस्ताव मागे घेणारे पत्र टपालात टाकतो. व्यापारी 4 मार्चला स्वीकृतीचे पत्र टाकतो आणि बागायतदाराचे दुसरे पत्र त्याला 5 मार्चला सकाळी मिळते. दुपारी भाव कोसळतो, तेव्हा तो फोन करून आपली स्वीकृती मागे घेत असल्याचे बागायतदाराला सांगतो. स्वीकृतीचे पत्र बागायतदाराच्या हाती 6 मार्चला पडते. करार झाला का?

‘करार झाला का’ हाच वादप्रश्न म्हणून उतरवून काढणे ही नेहमीची चूक आहे, कारण तो परीक्षकाचा प्रश्न झाला. इथे वादप्रश्न दोन आहेत: बागायतदाराने प्रस्ताव वेळेत मागे घेतला का, आणि व्यापाऱ्याने स्वीकृती वेळेत मागे घेतली का.

नियम भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 4 आणि 5 मध्ये आहे. स्वीकृतीचे पत्र स्वीकारणाऱ्याच्या ताब्याबाहेर जाऊन टपालाच्या वाटेला लागले की प्रस्तावक बांधला जातो. स्वीकारणारा मात्र ते प्रस्तावकाला कळेपर्यंत बांधला जात नाही, आणि तोवर त्याला माघार घेता येते. मागे घेतल्याची सूचना समोरच्याविरुद्ध पूर्ण होते ती त्याला कळते तेव्हा.

आता तारखा नियमाशी भिडवा. बागायतदाराने पत्र 3 तारखेला टाकले असले, तरी व्यापाऱ्याला ते कळले 5 तारखेला, आणि बागायतदार तर 4 तारखेलाच बांधला गेला होता. म्हणून त्याची माघार उशिराची ठरते. बहुतेक उत्तरपत्रिका इथेच ‘करार झाला’ म्हणून थांबतात, आणि माझ्या मते गुण जातात ते इथेच, कारण व्यापारी स्वतः 6 तारखेपर्यंत मोकळा होता आणि त्याची माघार बागायतदाराला 5 तारखेलाच फोनवर कळली. ती वेळेत असल्यामुळे कोणालाही करार अंमलात आणता येत नाही. भाव पडला म्हणून माघार घेणे अप्रामाणिक वाटेल, पण या कलमांत हेतू विचारलेला नाही. त्यावर परिच्छेद खर्च करू नये.

परीक्षक एखादा तपशील बदलू शकतो. व्यापाऱ्याने 4 तारखेला स्वीकृतीच फोनवर कळवली असती, तर भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल या 1965 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार टपालाचा नियम लागू झाला नसता. बागायतदाराने ती ऐकली त्या क्षणी दोघेही बांधले गेले असते आणि 5 तारखेचा फोन निष्फळ ठरला असता.