बाटलीचं पोट आत गेलं, तेव्हा

(दृश्य : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला सातवीचा वर्ग. टेबलावर बाटली, फुगे, कात्री.)

निवेदन :
पुस्तक इंग्रजीत असलं तरी शंका मराठीतच येतात. आजची शंका पहिल्या बाकावरून आली. "टीचर, हवा आत जाते म्हणून छाती फुगते ना?"

टीचर उत्तर देत नाहीत. त्या बाटली उचलतात.

लिटरभराची पाण्याची बाटली आहे. तिचा तळ कापलेला. बुचाला भोक पाडून त्यातून स्ट्रॉ ओवली आहे आणि स्ट्रॉच्या आतल्या टोकाला छोटा फुगा घट्ट बांधला आहे. सांध्यावर एम-सील लावून ते आदल्या दिवशीच सुकवून ठेवलंय. आता मोठ्या फुग्याच्या तोंडाला गाठ मारायची, वरचा भाग कापायचा आणि उरलेलं रबर तळावर ताणून बसवायचं. घुमट या वाद्याला कातडं मढवतात, अगदी तसं. हे झालं श्वासपटल.

(दृश्य : गाठ धरून रबर खाली ओढणारा हात.)

गाठ ओढली, पण आतला फुगा जेमतेम हलला.

"हवा लीक जाता!" मागून कोकणीत निदान झालं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. तपासायचं तर स्ट्रॉवर बोट दाबून बूच पाण्यात धरायचं आणि रबर हलकेच आत ढकलायचं. सांधा गळत असेल तर तिथून बुडबुडे येतात. इथे एकही आला नाही.

मग कडेला बसलेल्या मुलीला दिसलं. रबर ओढलं की बाटलीचं पोट आत जातंय. प्लॅस्टिक पातळ होतं. खाली जेवढी जागा वाढत होती, तेवढी बाजूच्या भिंती खाऊन टाकत होत्या.

दुसरी बाटली जाड, कोल्ड्रिंकची. या वेळी गाठ ओढताच फुगा टम्म झाला, सोडताच चिमला. स्ट्रॉला तोंड कुणीच लावलं नव्हतं. आधी जागा वाढली, म्हणून बाटलीतल्या हवेचा दाब उतरला आणि मग बाहेरची हवा आत शिरली. शंकेतला क्रमच उलटा होता. छाती फुगते, म्हणून हवा आत जाते.

पातळ बाटलीही टीचरांनी फेकली नाही. बरगड्या नसत्या तर काय झालं असतं, ते तीच दाखवते.

(दृश्य : छातीवर हात ठेवून श्वास घेणारी मुलं.)

पण बाटलीवर सगळंच सोडता येत नाही. जाड बाटलीच्या भिंती जागच्या जागी राहतात, आपल्या बरगड्या वर-बाहेर सरकतात. बाटलीत फुगा लोंबतो, फुप्फुस मात्र छातीच्या आतल्या बाजूला ओलसर पातळ थरानं चिकटून असतं आणि ते स्पंजासारखं असतं, पोकळ पिशवी नव्हे. आपलं श्वासपटल खालून कुणी ओढत नाही. तो घुमटासारखा वर फुगलेला स्नायू आहे, आकुंचन पावला की सपाट होतो.

शेवटी एका मुलानं करकटकाच्या टोकानं बाटलीच्या कुशीत भोक पाडलं आणि गाठ ओढली. फुगा ढिम्म. छातीला आरपार जखम झाली की फुप्फुसाचं असंच होतं, टीचर म्हणाल्या.

त्यानं भोकावर बोट ठेवलं आणि पुन्हा ओढलं.

(दृश्य : फुगा भरतो.)