एका श्वानासनाचे तीन फोटो

गेल्या वेळेला बऱ्याच जणांनी विचारलं होतं की घरी आसन करतो, फोटो काढतो, पण त्या फोटोत बघायचं काय? म्हणून आज एकच आसन घेऊ, अधोमुख श्वानासन, म्हणजे हात-पाय जमिनीवर टेकवून नितंब वर उचलायचे ते, आणि तेही एकाच बाईंचं, त्यांची परवानगी घेतलीय, नाव सांगत नाही. हेच आसन घेण्याचं कारण असं की बाजूने काढलेल्या एका फोटोत खांदा, कणा, नितंब आणि गुडघा असं सगळं एका रांगेत दिसतं, आणि एक बिघडलं की त्याची खूण भलतीकडेच उमटते.

तर या बाईंनी पहिला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, मनगटं आणि खांदे भरून येतात, खांदे चुकतायत का? मी फोटो बघितला आणि काही सांगूच शकलो नाही. कारण तो घरातल्या कुणीतरी उभ्याउभ्या, जवळून, वाइड लेन्सवर काढलेला. वरून काढला की जे कॅमेऱ्याच्या जवळ ते मोठं दिसतं, म्हणजे कंबर भली मोठी आणि हात एवढेसे, शिवाय वाइड लेन्स कडेच्या गोष्टी ताणते आणि या आसनात कडेला नेमके हात आणि पाय असतात. वर टीशर्ट ढगळ, तो खाली घसरून लोंबतोय, पाठ कुठे संपते आणि कापड कुठे सुरू होतं पत्ता नाही. अशा फोटोवरून कुणी तुम्हाला खांद्याचं करेक्शन देत असेल तर ते अंदाजपंचे आहे असं समजा.

मग त्यांना म्हटलं, फोन नितंबांच्या साधारण निम्म्या उंचीवर, स्टुलावर ठेवा, तीन-साडेतीन मीटर लांब, मॅटच्या लांब कडेला बरोबर काटकोनात, आणि वाइड लेन्स नको. अंगाला बसणारे कपडे, टीशर्ट आत खोचलेला. फोटोपेक्षा व्हिडिओ काढा आणि चौथ्या-पाचव्या श्वासाची फ्रेम थांबवून स्क्रीनशॉट घ्या, कारण फोटो निघतोय म्हटल्यावर माणूस श्वास कोंडून छान आसन करतो आणि ते त्याचं रोजचं आसन नसतंच 😄 आणि हात-पाय जिथे टेकतात तिथे मॅटवर टेपचे तुकडे लावून ठेवा, ते का ते पुढे येईल.

दुसरा फोटो आला. आधी कॅमेरा तपासायचा, आसन नंतर. पलीकडचा घोटा अलीकडच्या घोट्यामागे लपलाय का, गुडघ्यामागे गुडघा, मनगटामागे मनगट? लपलं असेल तर कॅमेरा सरळ आहे. पलीकडचे हात आणि पाय दोन्ही एकाच दिशेला सरकलेले दिसले तर फोन तिरका आहे, फक्त हातच पुढेमागे दिसत असतील तर ते तळवेच मॅटवर पुढेमागे टेकलेले असतात. यांचा ठीक होता.

मग चार ठिकाणं शोधायची. मनगट, खांद्याच्या टोकाचं हाड, मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा म्हणजे नितंबाच्या बाजूला हात दाबला की लागतो तो, आणि घोटा. फोनच्या मार्कअपमध्ये मनगटापासून नितंबाच्या उंचवट्यापर्यंत एक सरळ रेघ, तिथून घोट्यापर्यंत दुसरी. बस, दोन रेघा. अंश मोजत बसू नका, कपडे आणि बोटाने ठेवलेला ठिपका यातच चार-पाच अंश इकडेतिकडे होतात.

पहिल्या रेघेवर खांदा कुठे पडतो ते बघा. खांदा रेघेच्या वर असेल तर हात पूर्ण वर जात नाहीयेत, बगल बंद राहतेय. खाली जमिनीकडे गेला असेल तर उलटं, छाती लोंबवलीय, बरगड्या पुढे आल्यात, आणि लवचिक लोक हे करतात आणि त्यांना वाटतं आपलं आसन फार खोल गेलं. बाईंचा खांदा रेघेच्या चांगलाच वर होता. म्हणजे त्यांचं म्हणणं बरोबर, खांदेच चुकतायत?

थांबा, आता कणा बघू. कणा पट्टीसारखा सपाट हवा असं काही नाही, त्याचे नैसर्गिक बाक असतातच. बघायचं ते कंबरेच्या खालच्या भागात, पेल्व्हिसच्या, म्हणजे ओटीपोटाच्या हाडांच्या जरा वर. तिथे यांची पाठ बाहेर फुगलेली, कासवासारखी, आणि माकडहाड आत खाली वळलेलं. गुडघे मात्र ताठ, टाचा जमिनीला टेकवायचा अट्टाहास (कुणीतरी सांगितलेलं असतं टाचा टेकल्याच पाहिजेत, तसं काही नाही).

इथे गोम आहे. मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग स्नायू वर बैठकीच्या हाडांना जोडलेले आणि खाली गुडघा ओलांडून पोटरीच्या हाडांना. ते आखडलेले असताना गुडघे ताठ केले की ते बैठकीची हाडं खाली ओढतात, पेल्व्हिस मागे वळतं आणि कंबर गोल होते. नितंब वर-मागे जात नाहीत, मग वजन पुढे हातांवर येतं. खांदे-मनगटं भरून येणारच ना! पण हा माझा तर्क झाला, फोटोत दिसला तो परिणाम, कारण दिसलं नाही. आणि खांदे खरोखर आखडलेले असले तरी असंच काहीसं दिसू शकतं.

म्हणून तिसरा फोटो. टेपच्या त्याच खुणांवर हात-पाय, कॅमेरा तिथेच, बदल फक्त एक, गुडघे वाकवा, चांगले वाकवा, टाचा उचलल्या तरी चालतील, आणि बैठकीची हाडं छताकडे न्या. खुणा यासाठीच होत्या, कारण हात-पायातलं अंतर थोडं बदललं तरी सगळे कोन बदलतात आणि मग तुलना फुकट जाते.

तिसऱ्या फोटोत कंबरेचा फुगवटा जवळपास गेला. म्हणजे कारण हॅमस्ट्रिंग. गुडघे वाकवूनही फुगवटा तसाच राहिला असता तर आधी हात-पायातलं अंतर वाढवून बघितलं असतं, कारण फार आखूड घेतलं तरी पाठ गोल होते. खांदा रेघेच्या जवळ आला, पण पूर्ण आला नाही, थोडा वर राहिलाच. म्हणजे खांद्यात थोडा आखडेपणा खरा होता, फक्त तो जितका दिसत होता तितका नव्हता. त्यासाठी हात खांद्यांपेक्षा थोडे रुंद आणि बोटं जराशी बाहेर, एवढंच सांगितलं. वाकलेले गुडघे तसेच ठेवायचे, ताठ करायची घाई नाही.

गुडघ्याबद्दल एक उलटा प्रकारही असतो. दुसऱ्या रेघेच्या मागे, म्हणजे हातांपासून लांबच्या बाजूला गुडघा ढकललेला दिसला तर तो सांधा मागे लॉक केलाय. तिथे स्नायू काम करत नाहीत, सांध्याच्या मागच्या भागावर ताण येतो. अशांनाही किंचित वाकवायलाच सांगतो, पण कारण वेगळं.

आणि बाजूच्या फोटोत जे दिसतच नाही ते त्यातून ओढून काढू नका. गुडघे आत वळतायत का, एक नितंब खाली आहे का, कणा एका बाजूला झुकलाय का, यासाठी पायांच्या मागून वेगळा फोटो लागतो, फोन मॅटच्या मध्यरेषेवर ठेवून. आरशातला किंवा सेल्फी कॅमेऱ्याचा असेल तर डावं-उजवं उलटं असू शकतं, एकदा मी एकाला चुकीच्या नितंबाचं करेक्शन देऊन बसलो होतो, तेव्हापासून डाव्या घोट्याला रुमाल बांधायला सांगतो.

बाईंनी तीन आठवड्यांनी कळवलं की मनगटं आता भरून येत नाहीत, उजवा खांदा मात्र अजून थोडा दुखतो. एकाच बाजूला दुखतंय म्हटल्यावर मी आणखी फोटो मागवले नाहीत, डॉक्टरांना दाखवायला सांगितलं.