दांडीयात्रेच्या फोटोत वर्गाचे चेहरे: लेबल नेमकं कुठे लावायचं?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत मी सहज म्हणाले होते की इतिहासाच्या प्रकल्पात जुन्या फोटोंवर मुलांचे चेहरे बसवायला हरकत नाही, फक्त स्पष्ट लिहा. त्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न आलाय: "म्हणजे कसं लिहायचं?" तर आज तेवढंच.

आपलं उदाहरण मिठाचा सत्याग्रह. १२ मार्च १९३० ला साबरमतीहून गांधीजी आणि निवडलेले ७८ साथी निघाले, ५ एप्रिलला दांडीला पोचले, ६ तारखेला सकाळी मीठ उचलून कायदा मोडला. हे तुमच्या पुस्तकात आहे, मी त्यात वेळ घालवत नाही. फोटोही सहज मिळतात आणि इतके जुने आहेत की आपल्याकडे हक्कांची अडचण सहसा येत नाही.

चेहरा बसवणंही पटकन सांगते. गिंपसारखं फुकटचं सॉफ्टवेअर घ्या, चेहरा कापून वेगळ्या लेयरवर ठेवा, रंग काढून टाका, थोडा धूसर करा, जुन्या फोटोसारखे बारीक दाणे टाका. मुलाचा फोटो काढतानाच मूळ फोटोत ऊन कुठल्या बाजूने पडलंय ते बघून त्याला तसं उभं करा. चेहरा उपरा दिसतो तो नव्वद टक्के वेळा सावली उलटी पडल्यामुळे. आणि एक कळकळीची विनंती: वर्गातल्या पोरांचे चेहरे कुठल्यातरी अनोळखी ॲपवर चढवू नका. आईवडिलांना विचारा, काम स्वतःच्या कॉम्प्युटरवर करा.

आता लेबल. इथे माझं डोकं फिरतं. बहुतेक प्रकल्पांत काय असतं? उजव्या कोपऱ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, "एडिटेड". झालं काम! अहो, कोण वाचणार ते?

माझ्या भाच्याच्या वर्गानं यात्रेचा असाच फोटो केला होता. लेबल फोटोखाली, कॅप्शनमध्ये. पालकांच्या ग्रुपवरून तो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला तेव्हा कॅप्शन गळलेलं, आणि एका काकांनी अगदी मनापासून विचारलं, "हा पोरगा तुमच्या पणजोबांसारखा दिसतोय, ते होते का दांडीला?" पुढचे दोन दिवस घरात पणजोबा स्वातंत्र्यसैनिक होते.

म्हणजे कॅप्शन टिकत नाही. पुढे पाठवणारा ते काढून टाकू शकतो. काही जण म्हणतात, "मॅडम, आम्ही फाइलच्या माहितीत लिहिलंय." व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ती माहिती बहुतेक उडते, आणि उडाली नाही तरी ती उघडून बघतो कोण? औषधाचं नाव बाटलीवर हवं, खोक्यावर असून उपयोग नाही. लेबल चित्राच्या आतच हवं.

बरं, आत म्हणजे कुठे? कडेला नको. कडेची पट्टी बोटाच्या एका ओढीत कापली जाते, कधीकधी डीपी लावताना नकळतसुद्धा. जरा विचार करा. कुणी नुसता चेहरा कापून घेतला, तर हाती काय लागेल? तुमच्याच वर्गातल्या मुलाचा काळापांढरा फोटो. त्यात खोटं काही नाही. खोटं तयार होतं ते चेहरा आणि १९३० ची ती गर्दी एकत्र दिसल्यावर. म्हणून लेबलाची पट्टी त्या दोघांना जोडणाऱ्या जागी घाला: हनुवटीच्या खाली, छातीवरून, शेजारच्या माणसापर्यंत आडवी. आता चेहरा आणि गर्दी दोन्ही ठेवून पट्टी कापून दाखवा बरं.

"पण मग चित्र खराब दिसतं," अशी कमेंट येणार, मला माहितीये. दिसू दे. ते फ्रेम करून दिवाणखान्यात लावायचं नाहीये.

तिसरी बाजू छपाईची. पिवळी अक्षरं, लाल अक्षरं, अर्धपारदर्शक वॉटरमार्क, हे सगळं स्क्रीनवर छान दिसतं. शाळेत काळ्यापांढऱ्या झेरॉक्स निघतात आणि पिवळं गायब होतं. पांढरी भरीव पट्टी, काळी जाड अक्षरं. चित्र १६०० पिक्सेल रुंद असेल तर अक्षरं साधारण ६० पिक्सेल उंच. तपासायला चित्र मोबाइलवर काडेपेटीएवढं करा. सगळं वाचता नाही आलं तरी चालेल, पण पहिला शब्द वाचता आला पाहिजे. म्हणून पहिला शब्द "चेहरे बदललेले" असा असू द्या. आता तुम्ही म्हणाल हे दोन शब्द झाले. बरं, दोन.

[स्क्रीनवर पट्टीचा मजकूर]

"चेहरे बदललेले. पुढच्या रांगेतले तिघे आमच्या आठवीच्या वर्गातले. बाकी चित्र मूळ: दांडीयात्रा, १९३०."

बघा, यात काय बदललं आणि काय बदललं नाही, दोन्ही आहे. नुसतं "एडिटेड" म्हटलं तर बघणाऱ्याला गर्दी खरी की खोटी तेही कळत नाही. मुलांची नावं मात्र पट्टीवर घालू नका. तारीखही खात्री असेल तेवढीच लिहा. गांधीजी वाकून मीठ उचलतात तो प्रसिद्ध फोटो घ्या. त्याच्याखाली कुठे ५ एप्रिल असतं, कुठे ६, आणि तो ९ तारखेचा, सुरतजवळच्या भीमराडचा आहे असंही काही जण म्हणतात. अशा वेळी "एप्रिल १९३०" पुरे.

आता कुणाचा चेहरा काढायचा? गांधीजींचा नको, सरोजिनी नायडूंचा नको. ओळखू येणारा माणूस पुसला तर प्रसंगच बदलतो. पण गर्दीतले सगळे अनोळखी होते असंही समजू नका. त्या ७८ जणांची नावं नोंदलेली आहेत. त्यात आपले पंडित नारायण मोरेश्वर खरे होते, आश्रमातले संगीत शिक्षक, वाटेवर भजनं म्हणणारे. त्यांच्या जागी आठवीतला पोरगा बसवला तर पट्टीवर त्यांचं नाव आलंच पाहिजे: "इथे मूळ फोटोत पंडित खरे आहेत." आणि प्रकल्पात मूळ फोटो त्याच पानावर, शेजारी, तेवढ्याच आकाराचा लावा. मागच्या पानावर नाही.

एका ताईंनी विचारलंय, "आमच्या गटात चार मुली आहेत, त्यांना कुठे घ्यायचं?" हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. कारण त्या ७८ जणांत एकही स्त्री नव्हती. गांधीजींनी मुद्दामच घेतल्या नव्हत्या, आणि त्यावर कमलादेवी चट्टोपाध्यायांसारख्या बायका चांगल्याच नाराज झाल्या होत्या. तुम्ही मुलींचे चेहरे साबरमतीहून निघालेल्या रांगेत बसवले आणि फक्त "चेहरे बदललेले" लिहिलं, तर लेबल खरं आणि चित्र चुकीचं. बघणारा म्हणेल, चेहरे बदललेत, पण बायका तर होत्याच की.

दोन वाटा आहेत. एक, पट्टीवर आणखी एक ओळ: "मूळ तुकडीत स्त्रिया नव्हत्या." दुसरी मला जास्त पटते: प्रसंगच बदला. मुंबईत गिरगाव चौपाटीवर कमलादेवी आणि अवंतिकाबाई गोखले यांनी मीठ तयार करून कायदा मोडला. मुंबईतल्या त्या काळच्या सत्याग्रहाच्या फोटोंत बायका भरपूर दिसतात. तिथे चारही मुली नीट बसतील.

व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकणार असाल तर अपलोड करताना बदललेल्या मजकुराबद्दल एक प्रश्न येतो, तिथे "हो" करा. पण तेवढ्यावर पट्टी काढू नका, कारण स्क्रीनशॉट घेतला की ती सूचना मागे राहते. पट्टी प्रत्येक चित्रावर, ते चित्र दिसतंय तोवर. पहिल्या चित्रावर लावली म्हणून पुढच्या पाचांना सूट नाही. तुमच्या पट्टीचा मजकूर कमेंटमध्ये लिहा, पुढच्या वेळी त्यातले दोनतीन घेऊन बसू.