रेष पुसणारी सावली

ही बट पाहा. टाळूजवळ चार सेंटिमीटर गडद तपकिरी, आणि त्याखाली एकदम फिकट सोनेरी. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे ब्लीच करून तीन महिने झाले असावेत. डोळ्यांना खुपतो तो मुळांचा गडदपणा नव्हे. खुपते ती दोन रंगांमधली आडवी रेष.

केसांचा रंग एक ते दहा लेव्हलमध्ये मोजतात. एक म्हणजे काळा, दहा म्हणजे सर्वांत फिकट. इथे मुळं पाचवर आहेत, टोकं नऊवर. मधल्या पायऱ्याच नाहीत. त्या तयार करायच्या.

कलरिस्टने तीन वाट्या घेतल्या आहेत: सहा, साडेसात आणि नऊ. तिन्हींत डेमी-परमनंट रंग आणि अगदी सौम्य डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचं पेरॉक्साइड. हा रंग नैसर्गिक केस उजळवत नाही, फक्त वर छटा चढवतो. जोरदार डेव्हलपर वापरला, तर मुळंच उजळून तांबूस होतात आणि मग नवी वाढ पुन्हा वेगळी दिसते.

मुळं पाचची असताना वाटीत सहा का? कारण ब्लीच केलेला केस सच्छिद्र असतो, रंग जास्त पितो, आणि सहाची छटा त्यावर अंदाजापेक्षा गडद उतरू शकते. शिवाय ही छटा निव्वळ राखाडी नाही, तिच्यात थोडा सोनेरीपणा ठेवलाय. ब्लीच करताना केसातली बरीचशी तांबूस-सोनेरी ऊब निघून गेलेली असते. वर नुसती राख चढवली, तर रंग मळकट, कधी हिरवट दिसतो.

आता ब्रशकडे लक्ष द्या. सगळं कसब इथेच आहे. सावली, म्हणजे मुळांशी लावलेली सहाची गडद छटा, जुन्या रेषेपाशी थांबत नाही, ती ओलांडून खाली उतरते. पण प्रत्येक बटेवर वेगळ्या उंचीपर्यंत. मागे सहा-सात सेंटिमीटर, कपाळाशी जेमतेम रेष झाकेल इतकी. लगेच साडेसातची छटा तिच्या काठावर चढते, आणि दोन्ही रंग ओले असतानाच बोटांच्या चिमटीत धरून खाली ओढले जातात. हाच कलर मेल्ट. सगळीकडे एकाच उंचीवर थांबलात, तर जुनी रेष जाऊन नवी येते.

पाच-दहा मिनिटांत एक बट टॉवेलने पुसून, कोरडी करून पाहायची. ओला केस नेहमी गडदच दिसतो. धुताना आधी मुळं, आणि टोकं बाजूला धरायची, नाहीतर गडद पाणी टोकांत मुरतं.

ही सावली कायमची नाही. साधारण सहा ते आठ आठवड्यांत ती धुऊन फिकी होते आणि खालचा पिवळेपणा डोकावतो. तेव्हा ब्लीच नको, तेवढ्याच पट्ट्यावर पुन्हा छटा द्यायची. पांढऱ्या केसांपुढे मात्र हा उपाय उलटतो: गडद सावलीखालून पांढरी वाढ आली, की रेष आधीपेक्षा ठळक दिसते. तिथे मुळांशी बारीक फिकट हायलाइट्सच हव्यात.