पासबुकातली शिल्लक आणि हातातली शिल्लक

(सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या खजिनदारांसाठी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आपण एक हिशेब करून बघू. ३० जूनला सोसायटीच्या पासबुकात १,८६,४०० रुपये दिसतात. टाकीच्या वॉटरप्रूफिंगसाठी ७५,००० आगाऊ द्यायचे आहेत. सेक्रेटरी म्हणतात, पैसे आहेत की, फाडा चेक.

आता चेक रजिस्टर उघडा. दिलेले पण अजून न वटलेले चार चेक त्यात आहेत. लिफ्टच्या देखभालीचे ३८,५००, वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीचे ५४,०००, रंगाऱ्याचे ६०,००० आणि प्लंबरचे ७,२००. बेरीज १,५९,७०० होते. म्हणजे खर्च करता येण्याजोगे फक्त २६,७०० उरतात. खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागत असेल, तर तीही यातून वजा करा.

तरीही ७५,००० चा चेक दिला तर? खातं ४८,३०० नी कमी पडेल. पण कोणता चेक परत जाईल, हे आपल्या हातात नसतं. शेवटी लिहिलेला चेक परत जाईल असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. ज्याचा चेक आधी बँकेत पोचेल त्याला पैसे मिळतात. वॉटरप्रूफिंगवाला, लिफ्टवाला आणि रंगारी आधी गेले, तर खात्यात १२,९०० उरतील आणि एजन्सीचा ५४,००० चा चेक अनादरित होईल. चूक टाकीच्या कामात झाली आणि पगार मात्र वॉचमनचे अडले. एजन्सीला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली नोटीस देता येते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर फौजदारी तक्रारीचा मार्ग त्यांना मोकळा होतो.

पूर्वी काही जण वटायला लागणाऱ्या एक-दोन दिवसांच्या भरवशावर चेक देत. आज दिला तर परवा लागेल, तोवर मेंटेनन्स जमा होईल, असा तो हिशेब असे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून क्लिअरिंग दिवसभर सलग चालतं. सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी खात्यावर पडू शकतो. उलट सभासदांनी दिलेले चेक मात्र प्रत्यक्ष जमा होईपर्यंत आपले धरायचे नाहीत.

रजिस्टर साधी वही असली तरी चालते. तारीख, चेक क्रमांक, कोणाला, कशासाठी, रक्कम, वटल्याची तारीख आणि उरलेली शिल्लक, एवढे रकाने पुरतात. नोंद चेक लिहितानाच करायची. सह्या करून कपाटात ठेवलेला चेक आणि पुढच्या तारखेचा चेकही त्याच क्षणी शिल्लकेतून वजा होतो. रद्द केलेल्या चेकचा क्रमांकही लिहावा, नाहीतर पुढे तो क्रमांक कुठे गेला याचा शोध घेत बसावं लागतं.

महिन्यातून एकदा पासबुकाशी ताळा घ्या. समजा रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात २७,२९० आहे आणि पासबुकातून न वटलेले चेक वजा केल्यावर २६,७०० येतात. फरक ५९० चा. असा फरक दिसला की आधी पासबुकात अशा ओळी शोधा, ज्यांचा आपण चेक लिहिलेलाच नाही. इथे बँकेने ५०० शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९० कापलेले सापडतात. ते रजिस्टरमध्ये उतरवलं की दोन्ही आकडे जुळतात. तसं काही सापडलं नाही, तर प्रत्येक वटलेल्या चेकची रक्कम पासबुकाशी पुन्हा ताडून बघा. ७,२०० च्या जागी २,७०० लिहिलं गेलं असेल, तर ते इथेच कळतं.

आता रंगाऱ्याकडे येऊ. त्याचा चेक २० एप्रिलचा आहे आणि जून संपला तरी वटलेला नाही. तो विसरला असेल म्हणून ती ओळ मनातून काढून टाकण्याचा मोह होतो. पण चेक त्याच्या तारखेपासून तीन महिने चालतो, म्हणजे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातही तो बिनदिक्कत भरू शकतो. त्याला फोन करा. हरवला म्हणाला, तर आधी बँकेत स्टॉप पेमेंट नोंदवा, त्याची पोच घ्या आणि मगच नवा चेक लिहा. रजिस्टरमध्ये जुन्या ओळीवर रेघ मारून शेजारी नव्या चेकचा क्रमांक टाका. हा क्रम उलटा झाला, तर एकाच कामाचे ६०,००० दोनदा जाऊ शकतात.

आणि तीन महिने उलटून चेक कालबाह्य झाला, तरी ते ६०,००० सोसायटीचे होत नाहीत. बँक तो चेक वटवणार नाही, पण रंगकाम झालेलं आहे आणि देणं तसंच आहे. म्हणून न वटलेल्या चेकच्या यादीतून ती रक्कम काढली, तरी ‘देणे बाकी’ म्हणून दुसऱ्या ओळीत घ्या आणि नवा चेक जाईपर्यंत खर्चाच्या शिल्लकेतून वजाच ठेवा.