ब्युरोचं कमिशन कधी द्यायचं?

नमस्कार. वाकडमधल्या सोसायट्यांना मी घरकामाच्या मावशी, स्वयंपाकीण आणि पेशंट सांभाळणाऱ्या बायका मिळवून देते. आज बोलायचंय ते चोवीस तासांच्या बाईबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

समजा, आजींना पॅरालिसिस झालाय आणि बाईचा पगार ठरला 18,000. काही ब्युरो तुमच्याकडून दरमहा 22,000 घेतात आणि बाईच्या हातात 18,000 ठेवतात. सहा महिन्यांत 24,000 मधल्यामध्ये जातात. आपल्या नावावर वरचे चार हजार निघतात हे बाईला कळलं, की तिचं मन उडतं. मी अर्ध्या महिन्याचा पगार, म्हणजे 9,000, एकदाच घेते. तोही घरच्यांकडून. बाईकडून एक रुपयाही नाही.

पण एकरकमी कमिशनमध्येही खोट आहे. तीन महिन्यांची बदलीची हमी असते, म्हणजे तेवढ्यात बाई सोडून गेली तर एजंट दुसरी देतो. ती संपली की चौथ्या महिन्यात बाई अचानक 'गावाला' जाते. खरं तर एजंटनेच तिला दुसऱ्या घरी लावलेलं असतं, नवीन कमिशनसाठी. शेजारच्या सोसायटीत विचारा, त्याच ब्युरोच्या बायका तिथेही हमी संपताच गेल्यात का? म्हणून मी तेच 9,000 एकदम न घेता दोन हप्त्यांत घेते: 4,500 आठव्या दिवशी, उरलेले चौथा महिना पूर्ण झाल्यावर. तुम्हीही असंच मागा. नाही म्हणणाऱ्या एजंटला कारण विचारा.

आता व्हेरिफिकेशन. आधारची झेरॉक्स पुरत नाही, ती कुणीही बदलून आणू शकतं. मूळ कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्याच ॲपमध्ये स्कॅन करा. नाव आणि फोटो समोरच्या बाईशी जुळले पाहिजेत. 'पोलीस व्हेरिफिकेशन झालंय' असं एजंट म्हणाला, तर कुठल्या पोलीस ठाण्यात आणि कधी, ते विचारा आणि कागद बघा.

तरीही एवढ्याने बाई कोण आहे ते कळतं, पेशंट सांभाळता येतो का ते कळत नाही. त्यासाठी मी आधीच्या घरी फोन करते. एकदा 'आधीच्या ताई' म्हणून बाईची नणंदच बोलत होती. कौतुक भरपूर केलं, पण आजोबांना काय झालं होतं विचारल्यावर गडबडली. तेव्हापासून माझे प्रश्न ठरलेत: पेशंटला आजार काय होता, बाई किती महिने राहिली, सुट्टीला गेली की सांगितलेल्या दिवशी परत यायची का?

आणि पहिल्या दिवशी तिच्या शेजारी उभं राहा. आजींना कुशीवर वळवताना ती हात धरून ओढते, की खांद्याला आणि कमरेला आधार देऊन वळवते? लुळ्या पडलेल्या हाताला ओढलं तर खांदा दुखावतो. डायपर बदलताना पाठ आणि माकडहाड बघते का? तिथली लाली दाबूनही जात नसेल, तर बेडसोअरची सुरुवात झालेली असते. अनुभवी बाई हे न सांगता बघते. ती बघत नसेल, तर त्याच दिवशी एजंटला फोन करा, आठव्या दिवसाची वाट बघू नका.