भुर्जी विस्तवावरून कधी उतरवायची

नमस्कार. आज मी फक्त अंड्याच्या भुर्जीबद्दल बोलणार आहे, आणि तेही अंडी पॅनमध्ये पडल्यापासून ती ताटलीत येईपर्यंतच्या दोन-तीन मिनिटांबद्दल. कांदा किती, मिरची किती हे ज्याचं त्याने ठरवावं. भुर्जी कोरडी आणि चिवट होते ती मसाल्यामुळे नाही, या दोन-तीन मिनिटांमुळे होते.

आधी अंड्यात काय असतं ते बघू. मध्यम आकाराचं अंडं टरफल काढून साधारण 50 ग्रॅम भरतं, आणि त्यात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं. तीन अंडी फोडलीत म्हणजे शंभर ग्रॅमहून जास्त पाणी पॅनमध्ये ओतलंत. हे पाणी अंड्यातली प्रथिनं धरून ठेवतात. उष्णता लागली की प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात, एकमेकांत अडकतात आणि त्यांचं जाळं तयार होतं. पाणी त्या जाळ्यात अडकतं. मऊ, ओलसर भुर्जी म्हणजे पाणी धरून बसलेलं जाळं. उष्णता चालूच राहिली तर जाळं आवळत जातं आणि पाणी बाहेर पिळून निघतं. ताटलीत भुर्जीखाली फिकट पाणी साचलेलं तुम्ही पाहिलं असेल. पुष्कळांना वाटतं की अंडं कच्चं राहिलं म्हणून पाणी सुटलं, आणि पुढच्या वेळी ते आणखी शिजवतात. टोमॅटोचं पाणी आटलेलं असूनही असं पाणी दिसलं, तर अंडं जास्त शिजलंय असं समजा.

पांढरा भाग साधारण साठ-बासष्ट अंशांना धरायला लागतो, पिवळा पासष्टच्या आसपास दाट होऊन सत्तरला घट्ट होतो. दोन्ही एकत्र फेटले की मिश्रण सत्तरीच्या जरा पुढे धरतं. म्हणजे मऊ आणि चिवट यांच्यात जेमतेम काही अंशांचं अंतर आहे, आणि रिकाम्या पॅनचं बूड मोठ्या आचेवर दोनशेच्या वर सहज जातं. इतक्या तापलेल्या बुडावर अंडं पडलं तर ते काही अंश काही सेकंदांत पार होतात. हात कितीही चपळ असला तरी तुम्हाला वेळच मिळत नाही. आच कमी ठेवायची ती हा वेळ मिळावा म्हणून.

आता तीन अंड्यांची भुर्जी प्रत्यक्ष करू. अंडी फोडून त्यात मीठ घाला, फेटा आणि कांदा चिरायला घ्या. मीठ दहा-पंधरा मिनिटं आधी घातलं तर प्रथिनं एकमेकांना फार घट्ट धरत नाहीत आणि भुर्जी जास्त ओलसर राहते. मिश्रणाचा रंग थोडा गडद दिसेल, त्याने काही बिघडत नाही. दूध घालायची गरज नाही. सांभाळायला आधीच पुरेसं पाणी आहे, त्यात आणखी कशाला?

कांदा, मिरची, हळद मध्यम आचेवर परता, मग टोमॅटो घाला. टोमॅटोचं पाणी पूर्ण आटू द्या. चमचा पॅनच्या बुडावरून ओढला की मागे कोरडी वाट राहिली पाहिजे आणि कडेने तेल दिसलं पाहिजे. घाई केलीत तर टोमॅटोचं पाणी अंड्यात मिसळतं, आणि ते आटवायच्या नादात अंडं हमखास जास्त शिजतं.

मग आच मंद करा आणि अर्धा मिनिट काहीही करू नका. हा अर्धा मिनिट बहुतेक जण देत नाहीत. ज्योत लहान झाली तरी पॅन तितकाच तापलेला असतो. त्यानंतर मिश्रणाचा एक थेंब मसाल्याच्या कडेला टाकून बघा. चर्रर्र आवाज येऊन थेंब फुगला, कडेने तपकिरी झाला, तर पॅन अजून गरम आहे. दोन-तीन सेकंदांत निमूटपणे धरला तर सगळं ओता.

ओतल्यावर दहा-बारा सेकंद हात लावू नका. कडा फिकट आणि अपारदर्शक होतील. सपाट तोंडाच्या लाकडी उलथन्याने कडेकडून मध्याकडे एक सावकाश ओढ घ्या, बूड खरवडत. मोकळ्या झालेल्या जागेवर पातळ मिश्रण वाहून येईल. त्याला दोन-तीन सेकंद धरू द्या. पॅन थोडा फिरवा, पुन्हा ओढ. ओढ आणि थांबा, ओढ आणि थांबा, एवढीच लय आहे. थांबता तेव्हा गुठळी तयार होते, ओढता तेव्हा ती बुडावरून सुटते आणि जास्त शिजण्यापासून वाचते. अजिबात न थांबता गरागरा ढवळलंत तर गुठळी धरायच्या आतच मोडते आणि बारीक रव्यासारखा चुरा होतो. बारीक भुर्जी आवडत असेल तर गुठळ्या आधी होऊ द्या आणि उतरवताना मोडा. थांबे फार लांबले तर खालचा थर ऑम्लेटसारखा घट्ट होतो. तो नंतर मोडला तरी तोंडात वेगळा लागतो.

आणि आता उतरवण्याची वेळ. ती घड्याळावर नाही, पृष्ठभागावर कळते. सुरुवातीला गुठळ्यांच्या मधून पातळ अंडं वाहत असतं. मग एक क्षण असा येतो की पॅन तिरका केला तरी वेगळं काही वाहत नाही, पण गुठळ्या अजून ओल्या आणि चकचकीत दिसतात, उलथन्यावर घेतल्या तर थरथरतात. तेव्हा गॅस बंद करून लगेच भुर्जी ताटलीत काढा. पॅनमध्ये ठेवून नुसता गॅस बंद करणं पुरत नाही, कारण बूड अजून अंड्याहून कितीतरी जास्त तापलेलं असतं. ताटलीतसुद्धा गुठळ्यांमधली उष्णता अर्धा-एक मिनिट काम करत राहते आणि चमक थोडी उतरते. पॅनमध्येच चमक गेलेली भुर्जी ताटलीत कोरडी होणार. लोखंडी तवा किंवा जाड बुडाची कढई असेल तर थोडं आधीच उतरवा. पातळ नॉनस्टिक पॅन लवकर निवतो, तिथे जरा उसंत मिळते.

इथे मर्यादाही स्पष्ट सांगतो. अंड्यात साल्मोनेला हे जंतू असू शकतात. लहान मुलं, गरोदर बाई, वयस्कर किंवा आजारी माणूस यांच्यासाठी करताना चमक पूर्ण जाऊ द्या. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी 71 अंश दिसले पाहिजेत. मंद आचेवर, याच लयीत तिथवर पोचलात तर भुर्जी पूर्ण शिजूनही मऊ राहते. मोठ्या आचेवर 71 ला थांबणं जमत नाही, सुई कधी पुढे गेली ते कळतच नाही.

एका बाईंनी विचारलंय, घरात आठ माणसं असतील तर काय? मसाला सगळ्यांचा एकदम करा, पण अंडी चार-चारच्या घाण्यांत करा. एका पॅनमध्ये पंधरा अंडी ओतली तर थर जाड होतो, खालचं शिजून घट्ट होईपर्यंत वरचं कच्चं राहतं, आणि मग आपण आच वाढवतो. झालेली भुर्जी गरम भांड्यात झाकून ठेवू नका. ती शिजतच राहते, आणि फार वेळ गरम राहिली तर पिवळ्यातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक मिळून तिला हिरवट-करडी छटा येते. पहिला घाणा झाला की ज्यांना भूक जास्त लागलीय त्यांना वाढा आणि दुसरा लावा.